साठ तीन वेळा दिसला की थांब

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू टेस्ट सिरीजमधल्या डोपामिनच्या प्रश्नाचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "आई, फॉर्म्युला बरोबर घातला तरी उत्तर चुकलं." ड्युटीवरून आल्यावर चहाही न घेता वही उघडून बसले. तुझा गुणाकार-भागाकार कुठेही चुकलेला नाही. तुझा सेट चुकलाय. नीट सांगते, कारण ही चूक परीक्षेत एका मार्कावर भागते, वॉर्डात भागत नाही.

प्रश्न असा होता. पेशंटचं वजन ६० किलो. डोपामिन ५ मायक्रोग्रॅम दर किलोला दर मिनिटाला द्यायचंय. ५०० एमएल सलाईनमध्ये २०० एमजी डोपामिन घातलंय. मायक्रो सेट लावलाय. मिनिटाला किती थेंब? तुझं उत्तर १५, खरं उत्तर ४५.

तुमच्या वर्गात थेंबांचं एक लांबलचक सूत्र पाठ करून घेतात. त्यात सगळे आकडे एकदम कोंबायचे आणि काटाकाटी करायची. मला ती पद्धत कधीच आवडली नाही. आता याच प्रश्नात बघ, वजन ६०, तासाची मिनिटं ६० आणि मायक्रो सेटचे थेंबही ६०. तीन साठ एकाच गणितात आले की कोणता कशाशी काटला हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून मी नेहमी तीन टप्प्यांनी जाते: आधी औषध, मग पाणी, शेवटी थेंब.

आधी औषध. या माणसाला मिनिटाला किती हवं? ५ गुणिले ६० म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम. वजनाचा साठ इथे वापरून झाला, तो आता विसरायचा.

मग पाणी. ५०० एमएलमध्ये २०० एमजी, म्हणजे एका एमएलमध्ये ०.४ एमजी. आपल्याला हवंय ते मायक्रोग्रॅममध्ये आहे, म्हणून यालाही मायक्रोग्रॅम करायचं, ४००. एका एमएलमध्ये ४०० असतील तर ३०० साठी पाऊण एमएल लागेल. मिनिटाला ०.७५ एमएल. इथे एक क्षण थांबून तो आकडा डोळ्यांसमोर आण. मिनिटाला पाऊण एमएल म्हणजे चमच्याचा जेमतेम सातवा भाग. पटण्यासारखं आहे. तू एमजीचे मायक्रोग्रॅम करायला विसरली असतीस तर ३०० भागिले ०.४ केलं असतंस आणि मिनिटाला ७५० एमएल आले असते, म्हणजे दीड बाटली एका मिनिटात. असला आकडा पाण्याच्या टप्प्यावर लगेच ओळखू येतो. लांबलचक सूत्रात तो दडून राहतो.

शेवटी थेंब. सेट कोणता हा प्रश्न फक्त इथे येतो, त्याच्या आधी कुठेच नाही. मायक्रो सेटचे ६० थेंब म्हणजे १ एमएल, म्हणून ०.७५ गुणिले ६०, उत्तर ४५. तू सवयीने २० घेतलास, म्हणून १५ आलं. वर्गातली दहापैकी नऊ उदाहरणं मॅक्रो सेटची असतात, हात आपोआप २० लिहितो. पेपर काढणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून १५ हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो.

उत्तर आलं की उलटं जाऊन बघायचं. मिनिटाला ४५ मायक्रो थेंब म्हणजे तासाला ४५ एमएल. त्यात ४५ गुणिले ०.४, म्हणजे १८ एमजी, म्हणजेच १८,००० मायक्रोग्रॅम. त्याला तासाच्या ६० मिनिटांनी भागलं की ३००, वजनाच्या ६० ने भागलं की ५. डॉक्टरांनी लिहिलेला आकडा परत हातात आला. याला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

तू विचारलं होतंस की मॅक्रो सेटवर १५ थेंब सोडले तरी औषध तेवढंच जाईल, मग मायक्रोच कशाला. बरोबर विचारलंस. मॅक्रोच्या एका थेंबात १ एमएलचा विसावा भाग असतो, म्हणजे या बाटलीतलं २० मायक्रोग्रॅम डोपामिन. रोलर किंचित सरकून मिनिटाला एक थेंब जास्त पडला तर ३०० चे ३२० होतात. मायक्रोच्या एका थेंबात जेमतेम ७ मायक्रोग्रॅमसुद्धा नाहीत. थेंब जितका बारीक तितकी एका थेंबाची चूक लहान. पंप असेल तर असं औषध पंपावरच चालवायचं. पण पंप नसलेल्या जागी मी डोपामिन मायक्रो सेटवर, घड्याळाकडे बघत, रात्रभर चालवलंय.

आता एक गोष्ट सांगते, आजवर तुला सांगितली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी नाईटला एक आठ किलोचं निमोनियाचं बाळ होतं. ऑर्डर होती तासाला ३० एमएल. मायक्रो सेटवर तासाचे एमएल आणि मिनिटाचे थेंब हे आकडे सारखेच येतात, कारण तासाची मिनिटं ६० आणि एमएलचे थेंबही ६०. ते मला इतकं पाठ होतं की मी विचारच केला नाही. ट्रेमधून हाताला लागला तो सेट फोडला, तीस थेंब मोजले आणि पुढच्या बेडकडे गेले. अर्ध्या तासाने इनचार्ज सिस्टर राउंडला आल्या. त्यांनी थेंब मोजलेच नाहीत, नुसतं ड्रिप चेंबरमध्ये वाकून पाहिलं आणि रोलर बंद केला. मी लावलेला सेट मॅक्रो होता. पंधरा एमएल जायला हवे होते, तिथे पंचेचाळीस गेले होते. डॉक्टरांना उठवलं, त्यांनी बाळाची छाती ऐकली, पुढचे काही तास सलाईन बंद ठेवलं. बाळ बरं झालं, पण त्या रात्री माझे पाय थरथरत होते.

त्यांनी चेंबरमध्ये काय पाहिलं ते तूही पाहायला शिक. मायक्रो सेटच्या चेंबरमध्ये वरून एक बारीक धातूची सुई खाली आलेली दिसते, थेंब तिच्या टोकाला बनतो. मॅक्रोमध्ये ती सुई नसते, प्लास्टिकच्या जाड तोंडातून थेंब पडतो. आणि पाकिटावर आकडा छापलेला असतोच. आपल्याकडे मॅक्रो सेटवर बहुतेक वेळा २० थेंब दर एमएल असतं, पण काही सेट १५ चेही येतात. प्रश्नात सेटचा आकडा दिला असेल तर तोच घ्यायचा, आपल्या मनातला नाही. 'मायक्रो', 'पेडियाट्रिक' किंवा 'ब्युरेट' असा शब्द दिसला आणि आकडा दिला नसेल, तर ६०.

साध्या सलाईनच्या प्रश्नाला तीन टप्पे लागत नाहीत. १००० एमएल आरएल ८ तासांत म्हणजे तासाला १२५ एमएल. २० च्या सेटवर तासाच्या एमएलला ३ ने भागायचं, १५ च्या सेटवर ४ ने, ६० च्या सेटवर १ ने. हे आकडे पाठ करू नकोस, ६० ला सेटच्या आकड्याने भागलं की ते मिळतात. १२५ भागिले ३ म्हणजे ४१.६७, थेंब अर्धा पडत नाही म्हणून ४२. वॉर्डात हे लावताना पंधरा सेकंद मोजून चौपट करू नकोस, साडेदहा थेंब कसे मोजशील? तीस सेकंदांत २१ मोज.

याच प्रश्नाचा दुसरा भाग हल्ली बऱ्याचदा विचारतात. सलाईन सकाळी ८ ला लावलं, १२ वाजता बाटलीत ६०० एमएल शिल्लक आहेत, वेळेत संपवायला आता किती थेंब? मुली पुन्हा १००० घेतात नाहीतर पुन्हा ८ तास घेतात. जे गेलं ते गेलं. राहिलेले ६०० आणि राहिलेले ४ तास एवढंच बघायचं. तासाला १५०, भागिले ३, म्हणजे ५० थेंब. पेपरात हे उत्तर लिही आणि पुढे जा. वॉर्डात मात्र रोलर उघडण्याआधी मागे का पडलं ते बघ. बहुतेक वेळा पेशंटने हात कोपरात मुडपलेला असतो, बाटली खाली सरकलेली असते किंवा सुईच्या जागी सूज आलेली असते. सूज असेल तर वेग वाढवणं म्हणजे सगळं पाणी कातडीखाली सोडणं. आणि पेशंट म्हातारा असेल, हृदयाचा किंवा किडनीचा असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मागे पडलेलं भरून काढायचं नाही. मी अजूनही बाटलीला चिकटपट्टीची उभी पट्टी लावते आणि तिच्यावर तासातासाच्या खुणा करते. ९ ला ८७५, १० ला ७५०. कुणीही लांबून बघितलं तरी कळतं.

आणखी एकच. मधल्या टप्प्यावर आकडा गोल करू नकोस. हे शब्दांत सांगून पटणार नाही, म्हणून एक गणित पाठवते. ५० किलोचा पेशंट, नॉरअॅड्रेनालिन ०.१ मायक्रोग्रॅम दर किलोला दर मिनिटाला, ५०० एमएलमध्ये ४ एमजी, मायक्रो सेट. तीन टप्प्यांनी सोडव, उलटं जाऊन तपास, आणि रविवारी फोनवर उत्तर सांग. ३६ आलं तर पाण्याच्या टप्प्यावर घाई केलीस असं समज आणि तिथून परत सुरू कर.

तुझी,
आई