घाम न येणं हीही धोक्याची खूण

माझे ७६ वर्षांचे वडील गेल्या मे महिन्यात दुपारी खाटेवर असंबद्ध बडबडताना सापडले. अंग तव्यासारखं तापलेलं, पण काख अगदी कोरडी. आम्ही ताप समजून पॅरासिटामॉल दिली. तिचा काही उपयोग झाला नाही, कारण हा ताप नव्हताच, उष्माघात होता. ओल्या चादरी आणि पंखा लावून रुग्णालय गाठलं, म्हणून ते वाचले.

डॉक्टरांनी आधी गोळ्यांची पिशवी मागितली. अंगाच्या खाजेसाठी आणि झोपेसाठी ते महिनाभर रोज रात्री हायड्रॉक्सिझिन घेत होते. घामाच्या ग्रंथींना मज्जातंतूंकडून ॲसिटिलकोलीनमार्फत निरोप जातो आणि ही गोळी तोच अडवते. प्रोमेथाझिन, ॲमिट्रिप्टिलिन यांचंही तसंच. म्हाताऱ्या शरीरात औषध जास्त वेळ रेंगाळतं, त्यामुळे रात्रीची गुंगी दुपारपर्यंत टिकते. मुळात तहान कमी लागणारा माणूस उठून पाणीही पीत नाही. तोंड कोरडं पडलेलं आम्हाला दिसत होतं. उन्हाळाच आहे, म्हणून सोडून दिलं.

अकोल्यात पारा ४५ अंशांवर जातो, तरी अशी गोळी देताना उन्हाळ्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, याचं फार वाईट वाटतं. गोळी परस्पर बंद करू नका. मार्चमध्येच सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवून पर्याय विचारा. आणि दुपारी म्हाताऱ्यांच्या काखेला हात लावून बघा.

— एक वाचक, अकोला