पट्टा मनगटाने चालत नाही

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला दांडपट्ट्यावरचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार. पण ‘मनगटाच्या लवचीकतेवर चालणारे शस्त्र’ हे त्यातले वाक्य छापायलाच नको होते. पट्ट्यात मनगट वळतच नाही. ते वळू नये म्हणून तर हात झाकणारा धातूचा खोबळा आहे आणि घोडेस्वाराला हे शस्त्र सोयीचे का, याचे उत्तरही तिथेच आहे.

पट्ट्याची मूठ पात्याच्या रेषेत नसते. ती कट्यारीसारखी आडवी, खोबळ्याच्या आत बसवलेली असते. मूठ आवळली की पाते थेट हाताच्या रेषेत पुढे येते. खोबळा मनगटावरून कोपराच्या दिशेने मागे जातो आणि त्याच्या मागच्या टोकाची धातूची पट्टी हाताला वेढते. म्हणजे पट्टा दोन ठिकाणी धरलेला असतो, मुठीत आणि कोपराजवळ.

आता धावत्या घोड्यावरून वार होताना काय घडते ते पाहा. समजा, मुठीपासून ३० इंचांवर पाते लक्ष्याला लागले. त्या धक्क्याने शस्त्र हातात फिरू पाहते. साध्या तलवारीत ते रोखायला मुठीच्या दोन कडांमधले जेमतेम ३ इंच मिळतात. ढोबळ हिशेबाने बोटांवर आणि तळव्यावर धक्क्याच्या दहापट जोर येतो. मनगट मुरगळते, नाही तर तलवार हातातून निसटते. पट्ट्यात मुठीपासून मागच्या पट्टीपर्यंत साधारण १० इंच मिळतात, म्हणून तोच जोर तिपटीवर येतो आणि तोही मनगटाला वगळून कोपर आणि खांद्याकडे जातो. तलवारबाज स्वार घोड्याचा वेग वारात पूर्ण उतरवायला कचरतो. पट्टेकऱ्याला तेवढे कचरावे लागत नाही.

दुसरा फायदा आच्छादनाचा. खालून लढणाऱ्या पायदळाच्या माणसाला स्वाराचा सर्वांत जवळ येणारा भाग म्हणजे वार करणारा हात. डावा हात लगामात गुंतलेला, त्यामुळे ढाल उजव्या हाताच्या मदतीला वेळेत येत नाही. खोबळा तो हात बोटांपासून कोपराखालपर्यंत झाकतो. पाते बरेचदा तीन फुटांहून लांब असल्याने खाली वाकून मारतानाही पल्ला पुरतो.

याची किंमतही मोजावी लागते आणि लेखात तिचा उल्लेखच नाही. पाते सरळ असल्यामुळे नुसते आपटून खोल कापत नाही. पाते लागताच कोपर मागे घेऊन ते ओढावे लागते. वाकड्या तलवारीत हे काम बरेचसे पात्याचा बाकच करतो. भोसकणे तर स्वाराला अधिक धोक्याचे. पाते अडकले तर तलवार सोडून देता येते, पट्टा सोडता येत नाही. घोडा पुढे जातो, हात मागे राहतो, आणि खांदा निखळतो किंवा स्वार खाली येतो. डाव्या बाजूच्या शत्रूवरही पट्टा अवघड, कारण मनगट वळत नसल्याने घोड्याच्या मानेवरून पलीकडे मारायला कमरेतून पूर्ण वळावे लागते. शिवाय कमरेची तलवार क्षणात उपसता येते, पट्ट्यात आधी हात घालावा लागतो. तो चढवूनच लढाईत उतरायचे.

घोडदळाचे उदाहरण म्हणून लेखकाने प्रतापगडाच्या पायथ्याची १६५९ची झटापट दिली आहे. जिवा महालांच्या हाती पट्टा होता ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे, पण ती झटापट जमिनीवर, पायी झाली. तिच्यावरून घोड्यावरच्या उपयोगाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आणि ते छायाचित्र! त्यातला खोबळा मनगटापाशीच संपतो आणि मागची पट्टी नाहीच. ही शोभेची नक्कल आहे. हाती घेऊन जोरात फिरवली तर खोबळ्याची मागची कड मनगटावर आपटेल आणि पात्याचा सगळा भार पुन्हा बोटांवर येईल. खरा पट्टा ओळखायचा तर आधी मागची पट्टी पाहावी, मग आडवी मूठ दोन्ही टोकांना खोबळ्याशी पक्की जोडली आहे का ते पाहावे. त्यानंतर खोबळ्यातून पुढे येऊन पात्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या पोलादी पट्ट्या पाहाव्यात. पाते नुसते वितळजोड करून डकवले असेल, तर पहिल्या जोरदार वारात ते तिथेच तुटते. २०२४ साली दांडपट्टा राज्यशस्त्र झाला, तेव्हापासून अशाच नकला ठिकठिकाणी अस्सल म्हणून छापल्या जात आहेत. निदान आपल्या पुरवणीत पुढच्या रविवारी खऱ्या पट्ट्याचे, खोबळ्याचे आतले अंग दिसेल असे छायाचित्र छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक