रॅम्प मोजायची गोष्ट

पुणे, २० ऑक्टोबर

प्रिय दत्ता,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी पीएमटीत दांड्याला लोंबकळत होतो, म्हणून हां हूं करून ठेवून दिला. ३ डिसेंबरचा दिव्यांग दिन तुझ्या गळ्यात पडलाय आणि मुख्याध्यापिकांना "काहीतरी वेगळं" हवंय, एवढं कळलं. तू म्हणालास तो डोळ्यांवर पट्टी बांधून चालण्याचा खेळ मात्र कृपा करून ठेवू नकोस. तो आम्ही करून बसलोय.

आमचं पहिलं वर्ष असं गेलं. आठवीच्या मुलांच्या डोळ्यांना रुमाल बांधले आणि हॉलमधून स्टेजपर्यंत चालायला लावलं. बाकांवर धडकणं, किंचाळणं, हसणं, दहा मिनिटांत संपलं. नंतर अनुभव लिहायला सांगितला, तर चाळीसपैकी निम्म्याहून जास्त वह्यांत एकच वाक्य निरनिराळ्या शुद्धलेखनात: अंध लोकांचं जीवन किती अंधारमय! आपण किती भाग्यवान! त्याच वर्गात एक मुलगी भिंगाने वाचते. ती सबंध वेळ मागच्या बाकावर मान खाली घालून होती. तिला आधी विचारायचं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही, मलाही नाही.

चूक कुठे झाली ते पुढे कळलं. पट्टी बांधल्यावर मुलाला कळतं ते दृष्टी गेल्याचं पहिलं मिनिट. वर्षानुवर्षं पांढरी काठी वापरणाऱ्या माणसाचं कसब त्याला कळत नाही. अमेरिकेत एरिएल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांबरोबर हेच तपासून पाहिलं. पट्टी बांधून फिरलेल्या लोकांना त्यानंतर अंध माणसं काम करायला आणि स्वतंत्र राहायला कमी लायक वाटली. कळवळा वाढला आणि भरवसा घटला. आमच्या चाळीस वह्या त्याहून वेगळं काय सांगत होत्या?

म्हणून पुढच्या वर्षी अंध माणूस होऊन बघायचं सोडलं आणि इमारत बघायला घेतली. आमच्या पोर्चला तीन पायऱ्या आहेत आणि शेजारी एक रॅम्प. तपासणीला कुणी आलं की आम्ही अभिमानाने तो दाखवायचो. त्यावर वर्षभर दोन कुंड्या असायच्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीत गेलेल्या सहा पोरांना पंधरा मीटरची टेप दिली आणि सांगितलं, मोजा.

प्रत्येक पायरी १५ सेंटिमीटर, म्हणजे चढ ४५ सेंटिमीटर. रॅम्पच्या उतारावर टेप धरली तर १८० भरले. १८० भागिले ४५, म्हणजे चारास एक. तेवढ्यात एक पोरगी म्हणाली, "सर, ही तर तिरकी बाजू झाली. पाया मोजायला हवा ना?" दत्ता, पायथागोरस शिकवून माझी हयात गेली, पण तो आपणहून पोर्चमध्ये आलेला मी पहिल्यांदा पाहिला. पाया १७४ निघाला, म्हणजे रॅम्प आणखी थोडा उभाच. हवा असतो बारास एक: एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. म्हणजे ४५ च्या चढाला ५४० सेंटिमीटर, सव्वापाच मीटरहून जास्त. पोर्चपासून गटारापर्यंत जागा साडेचार मीटर.

इथे तासभर गेला. कुणी म्हणालं गटारावरून न्या, कुणी म्हणालं एक पायरी तोडा. शेवटी एकाने कागद दुमडून दाखवला: २ मीटर ७० चा एक चढ, मग दीड मीटरचा सपाट कट्टा, तिथे वळून परत २ मीटर ७०. दोन्ही पट्टे एकमेकांना लागून. लांबीला ४ मीटर २० लागतात, म्हणजे बसतो. मुलांना वाटलं काम झालं.

नाही झालं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, अकाउंटंट, व्हीलचेअर वापरतात. त्यांना मुलांचं काम तपासायला बोलावलं. तपासायला हं, भाषणाला नाही. हे फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे पाहुणा आला की शाल, श्रीफळ, "प्रेरणादायी जीवनप्रवास" आणि पोरांना टाळ्या वाजवायची खूण. त्या माणसाला जे येतं ते कुणी विचारतच नाही. सुलेखन शिकवायला येणाऱ्यांना आम्ही दीड हजार मानधन देतो, तेवढंच यांना दिलं, आणि आधी फोन करून विचारलं की कशाबद्दल बोलायला आवडेल आणि काय विचारलेलं चालणार नाही. अपघाताबद्दल नको, म्हणाले. मुलांना तेवढं सांगून ठेवलं. कुणीही विचारलं नाही.

त्यांनी रॅम्पकडे पाहिलं आणि म्हणाले, "यावरून मी एकटा चढलो तर खुर्ची मागे उलटेल." मग खाली बोट दाखवलं. पेव्हर ब्लॉक संपून रॅम्प सुरू होतो तिथे दोन सेंटिमीटरची धार होती. आमच्यापैकी कुणीच ती मोजली नव्हती. "पुढची चाकं छोटी असतात. ती इथे अडतात आणि माणूस पुढे फेकला जातो." मग त्यांनी स्वच्छतागृहाच्या दारात खुर्ची नेली. दाराची चौकट पाऊण मीटरची, पण दार पुरतं उघडत नव्हतं, म्हणून मोकळी जागा ६४ सेंटिमीटरच उरत होती. खुर्ची ६६ ची. दोन सेंटिमीटरसाठी माणूस दिवसभर पाणी न पिता राहतो, हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. त्या दिवशी कुणी बिचारे म्हणालं नाही. पोरं चिडली, आणि शाळेवर चिडली.

तेव्हा वेळापत्रक असं धर. मोजमाप नोव्हेंबरातच उरकून घे. ३ डिसेंबरला मुलं व्यवस्थापन समितीसमोर आकडे आणि नकाशा मांडतील, बाकी काही नाही, गाणं नाही, नाटुकलं नाही. आणि फेब्रुवारीत त्याच मुलांनी तीच टेप घेऊन फेरतपासणी करायची, तिची तारीख ३ डिसेंबरलाच समितीकडून लिहून घ्यायची. तारीख नसेल तर तुझा अहवाल कपाटात जाईल. कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांचा तक्ता लावायचा मोह होईल, लाव हवा तर, पण त्याला उपक्रम म्हणू नकोस. आणखी एक सांगतो: रॅम्पने फक्त चाकाच्या खुर्चीचा प्रश्न कळतो. ऐकू न येणाऱ्या मुलाला वर्गात काय अडतं, हे टेपने मोजता येत नाही. एका वर्षी एकच धर, नाहीतर पुन्हा प्रदर्शन होईल. तुझ्या शाळेत दिव्यांग मूल असेल तर त्याला आणि घरच्यांना आधी एकांतात विचार. भाग घ्यायचा नसेल तर तोही निर्णय मानायचा. आमच्या भिंगवाल्या मुलीने दुसऱ्या वर्षी स्वतःहून टेप धरली. आकडे वाचायचं काम तिने शेजारणीला दिलं, लिहिले मात्र तिनेच, ठळक पेनाने.

आमच्या फेब्रुवारीचा हिशेब: धार सिमेंटने सपाट केली, गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम. दाराच्या बिजागऱ्या बदलल्या, आता ते पूर्ण उघडतं, आणि खुर्ची जेमतेम जाते. ९० सेंटिमीटर मोकळं हवं, ते अजून नाही. रॅम्प तसाच, "पुढच्या बजेटमध्ये". कुंड्या हलवल्या होत्या, त्या स्नेहसंमेलनाच्या सजावटीत परत आल्या. सातवीतल्या दोघांनी शिपाईकाकांना सांगून पुन्हा हलवल्या.

तुमच्या इमारतीला पायऱ्या किती आणि एकेक किती उंच, ते मोजून कळव. सोबत पुढची मोकळी जागाही. रविवारी बसून आकडा काढू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू