पावसाळ्याआधी स्लीपिंग बॅग धुऊन ठेव

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

हिमाचलहून सुखरूप पोहोचलास, वाचून बरं वाटलं. स्लीपिंग बॅग अजून त्या छोट्या पिशवीतच कोंबलेली आहे असं फोनवर म्हणालास, म्हणून हे पत्र. आज रात्रीच ती बाहेर काढ आणि खाटेवर पसरून ठेव. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पुण्यात ती नीट वाळणार नाही. मे संपायच्या आत धुऊन झाली पाहिजे.

तुझ्या बॅगेत बदकाचं डाउन आहे, म्हणजे पिसांखालची लव. तिच्या बारीक तंतूंमध्ये हवा अडकते आणि तीच ऊब धरते. अंगाचं तेल नि घाम मुरला की तंतू एकमेकांना चिकटतात आणि बॅग चपटी होत जाते. ओलसर लव बंद पिशवीत राहिली, तर तिथे बुरशीही धरते. त्यामुळे बॅग न धुता वर्षभर ठेवू नकोस.

धुण्याआधी दोन गोष्टी कर. बॅगेचं वजन करून लिहून ठेव, ते पुढे लागणार आहे. कुठे बारीक भोक असेल तर त्यावर टेप लाव, नाहीतर धुताना तिथून लव बाहेर येईल. साबण डाउनसाठी मिळतो तोच आण. रोजच्या पावडरीत डाग काढणारी एन्झाइम असतात, ती प्रथिनं तोडतात आणि पीस हे प्रथिनच आहे. फॅब्रिक कंडिशनर तर अजिबात नको, त्याचा थर तंतूंवर बसतो.

तुमच्या फ्लॅटवरचं मशीन वरून उघडणारं आहे आणि मधल्या दांड्याने कपडे घुसळतं. त्यात बॅग टाकू नकोस. आतले कप्पे पातळ कापडाने शिवलेले असतात, ते फाटतात आणि लव एका टोकाला जमा होते. मोठ्या टबात हाताने धू. कापड पाणी झटकतं, त्यामुळे बॅग तरंगत राहील. यावर सोपा उपाय आहे. बॅग तिच्या पिशवीत घट्ट भर, पिशवी कोमट पाण्यात बुडव आणि पाण्याखालीच बॅग हळूहळू बाहेर ओढ. मग हवा आत जात नाही. तळहाताने दाबत धू, चोळू नकोस. फेस यायचा थांबेपर्यंत पाणी बदलत राहा. साबण आत राहिला तर लव पुन्हा फुलत नाही.

आता सगळ्यात नाजूक काम, ओली बॅग उचलणं. एका टोकाने उचललीस तर भिजलेल्या लवेचं सगळं वजन कप्प्यांच्या शिवणींवर येईल. आधी दाबून पाणी काढ, पिळू नकोस. मग दोन्ही हात खाली घालून तान्ह्या बाळासारखी उचल.

वाळवायला घाई नको. दोरीवर लटकवू नकोस. खाटेवर मच्छरदाणी ताणून त्यावर सावलीत पसर, खालून-वरून वारा लागला पाहिजे. दिवसभर कडक उन्हात ठेवलीस तर नायलॉन कमकुवत होतं. दर दोन-तीन तासांनी उलट आणि आतल्या गाठी बोटांनी अलगद मोकळ्या कर. पुण्याच्या मे महिन्यात दोन-तीन दिवस तरी लागतील. जवळच्या लाँड्रीत मोठा ड्रायर असेल तर मंद आचेवर दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल घालून फिरव, गाठी लवकर सुटतात.

वरचं कापड काही तासांत कोरडं होतं आणि तिथेच फसगत होते. बॅग उजेडासमोर धर. काळपट गोळे दिसले तर आत ओल आहे. मग वजन कर. आधी १२०० ग्रॅम होतं आणि आता १२६० भरलं, तर सुमारे ६० ग्रॅम पाणी अजून आत आहे. आणखी एक दिवस वाळव. वजन पहिल्याइतकं किंवा थोडं कमी आलं, की झालं.

ठेवताना त्या छोट्या पिशवीत पुन्हा कोंबू नकोस. चार दिवसांच्या ट्रेकपुरतं दाबलेलं डाउन फुलून येतं, पण महिनोन् महिने दाबून ठेवलं तर तंतू वाकून जातात. घरून जुनी सुती खोळ पाठवते, तिच्यात सैल ठेव आणि कपाटाच्या वरच्या फळीवर टाक. प्लॅस्टिकची पिशवी नको, ओल आत कोंडते. बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवू नकोस. डांबरगोळ्याही नकोत, तो वास महिनोन् महिने जात नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की एखादी दुपार बाहेर काढून पसर आणि नाक लावून बघ. कुबट वास किंवा काळे ठिपके दिसले तर लगेच पुन्हा धू. ठिपके पूर्ण जातीलच असं नाही, पण ब्लीच वापरू नकोस, त्याने लव खराब होते. ट्रेकला निघण्याआधी बॅग दोन तास मोकळी पसरून बॅगेच्या छातीकडच्या भागापाशी पट्टी उभी धर आणि बॅग किती उंच फुलते ते लिहून ठेव. दरवर्षी ती उतरत गेली, तर लव थकली असं समज आणि ती बॅग थंडीच्या ट्रेकला नेऊ नकोस.

साबण मिळाला की कळव.

तुझी आई