३०२ नको, गजा

लातूर,
रविवार दुपार

प्रिय गजा,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, पहिल्यांदा नीट कळलंच नाही कारण मागं मिक्सर चालू होता अन् तू पण एका दमात तीन फ्लॅट, दोन सासवा अन् एक अंकशास्त्री सगळं सांगून मोकळा झालास. फोनवर हे समजावणं अवघड म्हणून लिहायलो. काकांच्या हाताखाली बसून जे शिकलो तेवढंच सांगतो, पुढचं तुमचं दोघांचं.

पहिलं म्हणजे त्या माणसानं तुला ३०२ घ्यायला सांगितलं ते कशावरून? त्यानं तुझा भाग्यांक, म्हणजे जन्मतारखेच्या आकड्यांची बेरीज, ५ धरलाय. ३०२ ची बेरीज पण ५, वहिनीचा भाग्यांक ६, आणि ५ म्हणजे बुध, ६ म्हणजे शुक्र, या दोघांची दोस्ती. कागदावर एकदम फिट. पण लेका तुझा ५ आला कुठून, हे मी अर्धा तास शोधायलो, अन् मग डोक्यात उजेड पडला. तू त्याला आधार कार्डाचा फोटो पाठवलास ना? त्यावर १ जून १९९६ आहे. आपल्या शाळेत गुरुजींनी निम्म्या वर्गाला १ जूनलाच जन्माला घातलं होतं, विसरलास का. तुझा खरा वाढदिवस पोळ्याच्या आसपास, १४ सप्टेंबर, तुझी आईच सांगती की बैल सजवून झाले अन् दोन दिवसांनी तू झालास.

आता करून बघ. १४-९-१९९६ चे सगळे आकडे मिळव: १+४+९+१+९+९+६ म्हणजे ३९, ३+९ म्हणजे १२, १+२ म्हणजे ३. तुझा भाग्यांक ३, गुरू. आधारवरची तारीख घेतली की ३२ येतात, म्हणजे ५. एका तारखेनं अख्खा ग्रह बदलला. आणि नियम सरळ आहे, खरी जन्मतारीख कळत असली तर तीच धरायची, टीसीवरची नाही.

वहिनीची २१-२-१९९९. तिची तारीख दवाखान्याच्या कागदावरची आहे म्हणालास, म्हणजे तिथं वाद नाही. सरळ बेरीज केली की ३३, मग ६. इथं तुला कोणी घोळात घेईल बघ, म्हणेल ३३ हा मास्टर नंबर, तो तोडायचाच नाही. पण तीच तारीख दिवस, महिना, वर्ष असं वेगवेगळं तोडून मिळवली तर ३, २ अन् १, थेट ६, मधे ३३ येतच नाही. शेवटचा एक आकडा कशीही बेरीज केली तरी तोच राहतो, मास्टर नंबर मात्र पद्धतीप्रमाणं उगवतो अन् मावळतो. म्हणून काका त्याच्या नादी लागत नव्हते, मी पण नाही लागत. वहिनी ६, शुक्र.

म्हणजे घरात एक गुरू अन् एक शुक्र. देवांचा गुरू अन् दैत्यांचा गुरू, घाबरू नको हसायलोय मी. पाश्चात्य पद्धतीत ३, ६, ९ एकाच घरचे मानतात, त्यांच्या हिशोबानं तुमचं एकदम गोड आहे. आपल्याकडं ग्रहांच्या मैत्रीवर बघतात, आणि तिथं गंमत अशी की मैत्री दोन्हीकडून सारखी नसते. गुरू शुक्राला शत्रू धरतो पण शुक्र गुरूला सम धरतो, म्हणजे ना मित्र ना शत्रू. आता यावरून घरात कोण रुसणार ते तूच ठरव.

घराचा आकडा काढताना मी एवढंच बघतो की तो दोघांपैकी कोणाचाही शत्रू नको. एकाचा जिगरी दोस्त पण दुसऱ्याचा शत्रू असला आकडा बाद. एक ते नऊ फिरवून बघ. १ आणि २, सूर्य चंद्र, तुझ्या गुरूचे मित्र पण शुक्राचे शत्रू, बाद. ५ वहिनीला चांगला पण गुरूचा शत्रू, म्हणजे तुझं ३०२ गेलं. ६ तिचा स्वतःचा, तुझा शत्रू. ४ आणि ७ राहू केतूचे, ते या मैत्रीच्या कोष्टकात बसतच नाहीत, सोडून दे. उरले ३, ८ आणि ९. तुझ्या उरलेल्या दोन फ्लॅटांत ४०४ म्हणजे ८ आणि ६०३ म्हणजे ९. दोन्ही पास!

८ म्हटलं की तुझ्या सासूबाई शनी शनी करणार हे माहीतय. पण शनी शुक्राचा मित्र आहे अन् गुरूला सम, तर मंगळाचा ९ बरोबर उलटा, गुरूचा मित्र अन् शुक्राला सम. मार्क दोघांना सारखेच. ८ ला सगळे घाबरतात म्हणून तो वाईट, असं कोष्टक म्हणत नाही.

आता अडचणीचा भाग. तुमची बी विंग. बी चे २ मिळवले तर ४०४ चा १ होतो अन् ६०३ चा २, दोन्ही शुक्राचे शत्रू, म्हणजे सगळंच बोंबललं. अक्षर धरायचं का नाही यावर लोक भांडतात. माझा नियम, जे तुझ्या दारावर लिहिलंय ते तुझं, जे खाली गेटवर लिहिलंय ते बिल्डिंगचं. तू पाठवलेल्या फोटोत दारावर नुसतं ६०३ आहे, म्हणून मी विंग सोडली. पण नियम बेरजेच्या आधी ठरवायचा बरं का, नाहीतर माणूस आधी फ्लॅट पसंत करतो अन् मग त्याला बसेल तशी बेरीज शोधतो, हे मी लई जणांचं बघितलंय. तो ३०२ वाला दाराच्या आतून ४ चा स्टिकर लावून ९ करून देतो म्हणतोय ना, ते पण त्यातलंच. काका त्याला नंबराला टोपी घालणं म्हणायचे.

आणि एक, हे सगळं मानण्यावर आहे, आकड्यानं संसार चालतो याचा पुरावा माझ्याकडं नाही. नऊ आकड्यांतले तीन तुम्हाला चालतात, म्हणजे तिसरा मजला सोडला (तिथं चार फ्लॅटांत ४, ५, ६, ७ एवढंच निघतं) तर चौथ्या, पाचव्या, सहाव्या, कुठंही काहीतरी सापडतंच. म्हणून बरोबरी झाली की मी आकडे बाजूला ठेवतो अन् भिंती बघतो.

६०३ वर थेट गच्ची आहे गजा. बीड बायपासला मे महिन्यात तो स्लॅब रात्री अकराला पण हात लावू देणार नाही, आणि हॉलची भिंत पश्चिमेला. त्यात टँकरचं पाणी वरच्या टाकीत चढवायचं, लाईट गेली की लिफ्ट बंद, अन् तुझ्या आईचे गुडघे तुला माहीत आहेत. ४०४ वर दोन मजल्यांची सावली आहे अन् फ्लोअर राईजचे पैसे पण कमी. मी असतो तर ४०४ घेतला असता, शनीसकट.

पण वहिनीला विचार. तिनं आत्तापर्यंत काय म्हटलं ते तुझ्या पाच मिनिटांत कुठंच नव्हतं, नुसत्या सासवाच होत्या. अन् टोकन द्यायच्या आधी दोघं दुपारी चारला दोन्ही फ्लॅटात जाऊन पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून या, सकाळी दाखवतात तेव्हा सगळेच फ्लॅट गार असतात. मी पुढच्या शनिवारी येतो, तोपर्यंत त्या माणसाला पैसे देऊ नको.

तुझाच,
दत्ता