दोन रकान्यांमागचा तिसरा रकाना

महोदय,

नियमित न्याहारी करणाऱ्या मुलांना परीक्षेत अधिक गुण मिळतात, अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून छापून येतात आणि त्यांचा मथळा बहुधा 'न्याहारीने गुण वाढतात' असा असतो. वास्तविक अशा पाहणीत दोनच रकाने असतात, एक न्याहारीचा आणि एक गुणांचा, आणि ते एकमेकांच्या जोडीने वर-खाली होतात, इतकेच त्यातून कळते. 'वाढतात' हे क्रियापद मथळा लिहिणाऱ्याने पदरचे घातलेले असते. मी अनेक वर्षे संख्याशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे ही चूक किती सहज होते हे मला ठाऊक आहे आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

वर्गात मी नेहमी बुटांचे उदाहरण घेत असे. पहिलीपासून सातवीपर्यंतच्या मुलांच्या बुटांचे माप एका रकान्यात आणि वाचनाचा वेग दुसऱ्या रकान्यात लिहिला, तर मोठ्या पायांची मुले भरभर वाचतात असे स्पष्ट दिसते. मोठे बूट घातल्याने वाचन सुधारेल, असे अर्थातच कोणी म्हणत नाही, कारण येथे वयाचा तिसरा रकाना सर्वांना दिसतो. वयाबरोबर पाऊल वाढते आणि वाचनही वाढते. एकाच वयाची मुले वेगळी काढून तीच तुलना केली, की संबंध जवळजवळ नाहीसा होतो. तपासण्याची रीत हीच. न्याहारीच्या बातमीत मात्र घरातील शिस्त, पालकांचे शिक्षण आणि पुरेशी झोप हे रकाने छापलेले नसतात, आणि म्हणून ते आपल्याला सुचतही नाहीत.

तिसरा घटक संबंध नुसता निर्माण करतो असे नाही, तो निष्कर्ष उलटाही करू शकतो. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 1986 साली मुतखड्यावरील उपचारांची एक तुलना प्रसिद्ध झाली. मोठा छेद घेऊन केलेल्या 350 शस्त्रक्रियांपैकी 273 यशस्वी ठरल्या होत्या, म्हणजे 78 टक्के. बारीक छिद्रातून दुर्बिणीने केलेल्या 350 पैकी 289, म्हणजे 83 टक्के. दुर्बीण सरस, असे कोणीही म्हणेल. पण रुग्णांची खड्याच्या आकारानुसार विभागणी केली, तेव्हा लहान खड्यांत छेदाचे यश 93 टक्के आणि दुर्बिणीचे 87 टक्के निघाले, तर मोठ्या खड्यांत ते अनुक्रमे 73 आणि 69 टक्के होते. दोन्ही गटांत छेदच पुढे! याचे कारण असे, की छेदाच्या वाट्याला 263 मोठे खडे आले होते आणि दुर्बिणीच्या वाट्याला केवळ 80. मोठा खडा काढणे कोणत्याही पद्धतीने अवघडच, त्यामुळे छेदाची एकूण टक्केवारी खाली ओढली गेली. ज्या घटकामुळे उपचाराची निवडही बदलते आणि निकालही बदलतो, त्याला आमच्या विषयात कन्फाउंडर म्हणतात.

मग छेदच चांगला, असे म्हणावे काय? तेही घाईचे होईल. छेदाच्या शस्त्रक्रिया बहुतांशी सत्तरच्या दशकातल्या आणि दुर्बिणीच्या ऐंशीच्या दशकातल्या होत्या, म्हणजे काळ हा आणखी एक रकाना उरतोच. नोंदलेल्या रकान्यांनुसार गट पाडता येतात. जो रकाना कोणी भरलाच नाही, त्याचे काय करायचे, ही खरी अडचण आहे.

तिची किंमत वैद्यकशास्त्राने मोजली आहे. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे अनेक निरीक्षणांतून दिसत होते. परंतु अशा स्त्रिया सरासरीने अधिक सुस्थितीतल्या आणि आरोग्याविषयी अधिक दक्ष असत. अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून एका गटाला संप्रेरके आणि दुसऱ्याला औषध नसलेल्या गोळ्या देण्यात आल्या, आणि 2002 साली हा प्रयोग मुदतीपूर्वी थांबवावा लागला; हृदयाला अपेक्षित संरक्षण तर दिसले नाहीच, उलट धोका किंचित वाढलेला आढळला. आधीची निरीक्षणे आणि हा प्रयोग यांच्यातील तफावतीला वय आणि उपचार सुरू करण्याची वेळ यांचाही हातभार असावा, असे पुढे मांडले गेले. तरीही चिठ्ठीचे बळ यातून कळते: सुस्थिती, दक्षता आणि कोणाच्या ध्यानातही न आलेले घटक ती दोन्ही गटांत सारखेच वाटून टाकते.

प्रत्येक प्रश्नावर असा प्रयोग शक्य नसतो, हे मान्य आहे. कोणाला धूम्रपान करायला लावता येत नाही. म्हणूनच आपल्या वार्ताहरांनी अशा प्रत्येक बातमीत दोन गोष्टी अवश्य लिहाव्यात, अशी माझी विनंती आहे: गट चिठ्ठीने पाडले होते की लोकांनी आपापली निवड केली होती, आणि तुलना करताना कोणते घटक सारखे ठेवले होते. त्यासाठी एक वाक्य पुरते, आणि ते वाक्य मिळत नसेल, तर मथळ्यात 'मुळे' हा प्रत्यय लावू नये.

आपली नम्र,
संख्याशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका