‘कोर्ट’चा शेवट अर्धवट नाही

संपादक महोदय, म्हापशाच्या मित्राला लिहिलेलं हे पत्र छापावं, ही विनंती.

अरे, ‘कोर्ट’ (2014) हा सिनेमा संपल्यावर “शाहिराचं पुढं काय?” म्हणून तू वैतागलास. शाहिरावरचा खटला चालू असतानाच सुट्टी लागते, कोर्टातले दिवे मालवतात. तिथंच थांबायला हवं होतं, असंही काही जण म्हणाले. पण मग सगळा दोष त्या इमारतीच्या माथी गेला असता. पुढं न्यायाधीश रिसॉर्टवर सहलीला जातात, नीट न बोलणाऱ्या मुलासाठी अंगठीतला खडा सुचवतात, बाकावर पेंगतात. पोरं ओरडून उठवतात, तेव्हा एकाच्या थोबाडीत देऊन पुन्हा डोळे मिटतात. शाहिराच्या जामिनाचा निर्णय याच माणसाच्या हाती होता. निकाल दाखवला असता, तर आपण सुस्कारा टाकून घरी गेलो असतो. (मधला संथपणा मात्र मलाही जाचला.)

– एक वाचक, फोंडा